दोन नकार आणि ‘मोअर बेटर’: खोडण्याआधी अर्थ बघा

> “ऑफिसला पाठवायच्या मेलमधलं वाक्य: ‘आय डिडन्ट गेट नो रिप्लाय, सो प्लीज गिव्ह मी अ मोअर बेटर डेट.’ फोनवर कुठेच लाल रेघ आली नाही. मैत्रीण म्हणते दोन चुका आहेत. कुठल्या?”

लाल रेघ येणार नाहीच, कारण प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे. चूक दोन शब्दांच्या जोडीत आहे.

असली वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहिली, कारण डोक्यात मराठी चालू असायचं. ‘कोणीच आलं नाही’ यात एकच नकार आहे, पण ‘कोणीच’चं आपण ‘नोबडी’ करतो, वर ‘नाही’चं ‘डिडन्ट’ आणतो, आणि इंग्रजीत दोन नकार होतात. लेखी इंग्रजीला एका क्रियापदामागे एकच नकार लागतो. म्हणून ‘आय डिडन्ट गेट एनी रिप्लाय’ किंवा ‘आय गॉट नो रिप्लाय’. दुसऱ्यात ‘डिडन्ट’ गेला की ‘गेट’चं ‘गॉट’ होतं, हे बरेच जण विसरतात. आणि ‘नो’च्या जागी ‘एनी’ हा उपाय सगळीकडे चालत नाही. ‘एनीबडी डिडन्ट कम’ चूकच. नकार कर्त्यातच असेल तर तो तिथेच ठेवून क्रियापद साधं करायचं: ‘नोबडी केम’. ‘हार्डली’तही नकार दडलेला असतो, त्यामुळे ‘कान्ट हार्डली’ लिहायचं नाही.

आता मला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगते, कारण तुम्ही हा नियम नुकता शिकताय आणि नेमकं याच वेळी असं होतं. कर्ज फेडून झालं होतं, पण नो ड्यूज सर्टिफिकेट मिळालं नव्हतं. अर्जात मी लिहिलं, ‘आय हॅव नॉट रिसीव्ड नो ड्यूज सर्टिफिकेट’. पाठवण्याआधी तपासताना ‘नॉट’ आणि ‘नो’ एकाच ओळीत दिसले आणि मी ‘नो’ खोडून ‘एनी’ केलं. झालं ‘एनी ड्यूज सर्टिफिकेट’. व्याकरण बिनचूक, पण मागितलेला कागदच बदलला. त्या कार्यालयाने उलट टपाली माझ्या जुन्या थकबाकीचा तक्ता पाठवला! मी काउंटरवर जाऊन समजावलं, तर ‘लेखी जे आहे त्यावरच बघतो, नवा अर्ज करा’. समोर माणूस उभा आहे, कर्ज फिटल्याची पावती हातात आहे, तरी एक शब्द समजून घ्यायची तयारी नाही. तीन आठवडे गेले. आजही आठवलं की राग येतो.

त्या वाक्यातला ‘नो’ कागदाच्या नावाचा भाग होता, वाक्याचा नकार नव्हता. तपासायची युक्ती सोपी आहे: त्या ‘नो’च्या आधी ‘द’ किंवा ‘माय’ लावून बघा. ‘माय नो ड्यूज सर्टिफिकेट’ जुळतं, म्हणजे ते नाव आहे, त्याला हात लावायचा नाही. ‘माय नो रिप्लाय’ जुळत नाही, म्हणजे तो खरा नकार. मी आता कागदाचं नाव पुढे घेते: ‘द नो ड्यूज सर्टिफिकेट हॅज नॉट बीन इश्यूड टू मी’. इतकी सरळ रचना कोणी उलटी वाचत नाही.

‘मोअर बेटर’चंही मूळ मराठीत आहे. ‘चांगला’चं तुलनेचं वेगळं रूप आपल्याकडे नाही, म्हणून आपण ‘जास्त चांगला’ म्हणतो. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आधीच आलंय. तुमच्या वाक्यात ‘अ बेटर डेट’ पुरे, जोर हवाच तर ‘अ मच बेटर डेट’. ‘मोअर ईझिअर’चंही तसंच. इथेही डोळे मिटून खोडू नका. ‘वुई नीड मोअर बेटर-ट्रेन्ड टीचर्स’ यातला ‘मोअर’ शिक्षकांच्या संख्येबद्दल आहे. तो काढून वाचा: अर्थ तसाच राहिला तर ‘मोअर’ फालतू होता, बदलला तर राहू द्या.

मी भाषातज्ज्ञ नाही, आणि हे फक्त अर्ज-मेलच्या इंग्रजीबद्दल आहे. बोलण्यात दोन नकार वापरणारे मूळ इंग्रजी भाषक पुष्कळ आहेत, लंडनच्या कॉकनी बोलीतही ते सर्रास ऐकू येतात. दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी मांडला आणि शाळांनी तो उचलला. तेव्हा कोणी बोलताना तसं म्हणालं तर त्याला अडाणी समजणं मला मुळीच पटत नाही.

तुमचं वाक्य असं पाठवा: ‘आय डिड नॉट गेट एनी रिप्लाय, सो प्लीज गिव्ह मी अ बेटर डेट.’ अर्जात ‘डिडन्ट’पेक्षा ‘डिड नॉट’ बरं दिसतं. आणि ‘बेटर’ म्हणजे नेमकी कुठली तारीख चालेल तेही लिहा, नाहीतर ते परत तुमच्या अडचणीचाच दिवस देतील.