दोन बाणांचा मेसेज

"मॅडम, हे मेसेज खोटे असतात हे मले मालूम आहे. पण अकरा जणाइले पाठवून देलं तं आपलं काय जाते? आन नाई पाठवला, आन लेकराले काही झालं तं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दर बाजाराच्या दिवशी समुपदेशनाला बसते. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून. हा प्रश्न निघतो तो उठताना, चपला पायात सरकवताना, जणू सहज आठवला म्हणून. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, आशाताई असतात, परवा एक कृषी केंद्रवालाही होता. त्या सगळ्यांना मी सुमनताईंची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, सांगायची परवानगी त्यांचीच.

सुमनताईंची पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. गावच्या बचत गटाच्या त्या सचिव, म्हणजे हिशेबाला पक्क्या. एका संतांच्या फोटोखाली "अकरा जणांना पाठवा, नाहीतर तीन दिवसांत वाईट घडेल" असा व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज त्यांनी हसून पुसून टाकला होता. तिसऱ्या दिवशी पांदणीच्या चिखलात मुलाची मोटारसायकल घसरली, मनगट मोडलं. त्यानंतर आठ महिने आलेला असा एकही मेसेज त्यांनी थांबू दिला नाही. रात्री दोनला उठून फोन बघायच्या, दिवसभरात काही राहून तर गेलं नाही ना म्हणून.

मी "अंधश्रद्धा" हा शब्द उच्चारला नाही, कधीच उच्चारत नाही. त्या शब्दानं माणूस भ्यायचं थांबत नाही, फक्त आपल्यापासून लपवायला लागतो. मी विचारलं, "पाठवता कसा ते दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. "साधा असला तं पाच, पाच आन एक, असे तीन खेपेत जाते. पण दोन बाणवाला असला का एकेकालेच पाठवा लागते. अकरा खेपा. अर्धा घंटा मोडते."

"दोन बाण म्हणजे काय?"

"थो जागृत असते, मॅडम. सहजासहजी जात नाई."

मी पेन खाली ठेवलं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जुलै २०१८ च्या पहिल्याच तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार केलं. देशात तेव्हा अशा घटना लागोपाठ घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पुढे एप्रिल २०२० मध्ये नियम आणखी आवळला: जो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलाय, तो एका वेळी एकाच ठिकाणी जाईल. त्याची खूण म्हणजे ते दोन बाण. कंपनीनं लावलेला हा ब्रेक. सुमनताईंना तो देवाचा शिक्का वाटला, आणि पाठवण्याचे कष्ट वाढले तसं ते व्रतासारखं झालं. सोप्या नवसाला कोण नवस म्हणतं?

हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या रात्रीही अकरा खेपा केल्या.

दुसऱ्या भेटीत आम्ही हिशेब मांडला. हिशेबाची बाई, म्हणून मला वाटलं इथे गाठ सुटेल. पहिल्या फेरीत ११ जण, त्या प्रत्येकानं ११ जणांना पाठवलं तर १२१, मग १,३३१, मग १४,६४१. "तुमचं गाव किती?"

"दीड हजार."

"म्हणजे चौथ्या फेरीत तुमच्यासारखी नऊ-दहा गावं संपली. नवव्या फेरीला आकडा दोनशे पस्तीस कोटींवर जातो, आणि दहाव्या फेरीला पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. मग शेवटी ज्यांना पाठवायला कुणी उरलं नाही, त्यांचं काय?"

त्या हसल्या. मग मी विचारलं, मुलाच्या अपघाताआधी असे किती मेसेज पुसले होते? "लय. मोजले नाई." तेव्हा काय झालं होतं? "तेव्हाचं ध्यानात नाई." हे वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. चार वर्षांत पुसलेले बिनबोभाट मेसेज कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी अपघात झालेला एकच तेवढा राहतो, कारण मुदत मेसेजनंच घालून दिलेली असते. तीन दिवसांत शेतकऱ्याच्या घरी काहीच वाईट घडणार नाही, असे तीन दिवस आपल्याकडे कुठल्या महिन्यात येतात?

इथे थोडं बाजूला जाते, कारण "सगळेच हसतात, तरी हे पसरतं कसं?" हेही लोक विचारतात. त्याचं उत्तर त्याच हिशेबात आहे. मेसेज जिवंत राहायला अकराच्या अकरा लोक लागत नाहीत, अकरातला एक पुरतो. दहा जणांनी पुसला आणि एकानं पुढे अकरांना पाठवला, की संख्या जिथल्या तिथे राहते. दोघांनी पाठवला तर वाढते. तो एक जण काही मूर्ख नसतो. त्या आठवड्यात त्याच्या मुलीचा बारावीचा निकाल असतो, किंवा सासरा सावंगीच्या दवाखान्यात भरती असतो. एरवी तोही पुसणाऱ्या दहांतलाच असतो.

आणि हे फोनमुळे सुरू झालेलं नाही. माझ्या लहानपणी घरी पोस्टकार्ड यायचं, एकवीस प्रती लिहून पाठवा, अमक्यानं फाडलं त्याचा मुलगा गेला. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी आम्हा बहिणींना बसवून एकवीस कार्डं लिहून घेतली होती, आणि अक्षर चांगलं म्हणून माझ्या वाट्याला त्यातली बारा आली. चार्ल्स बेनेट, मिंग ली आणि बिन मा या तीन संशोधकांनी १९८० ते १९९५ या काळातली अशी ३३ इंग्रजी साखळीपत्रं गोळा केली आणि जीवशास्त्रज्ञ जनुकांवरून काढतात तशी त्यांची वंशावळ काढली. त्यांचा लेख २००३ चा आहे. पुन्हा टाइप करताना वाक्यं गळत होती, नावं बदलत होती, आणि त्या बदलांवरूनच कोणतं पत्र कोणापासून निघालं ते सांगता येत होतं. मी त्यातून इतकंच घेतलं की धमकी कुणी हुशारीनं घडवलेली असावीच असं नाही. जे वाक्य वाचून हात थांबत नाही, ते पुढे जातं. ज्या मेसेजमध्ये नुसता आशीर्वाद असतो, तो "छान" म्हणून तिथेच मरतो.

तर, हिशेब सुमनताईंना पटला आणि तरी उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर तिसऱ्या भेटीला मी जरा खट्टू होऊनच बसले होते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं चालणारी, माणसाला घटना छळत नाही, घटनेबद्दलचा त्याचा विचार छळतो असं मानणारी. पण विचार कधी मी सांगून बदलत नाही. आपल्याकडे गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. माझा प्रश्न चुकत होता. मी मेसेज खरा की खोटा, यावरच रेंगाळले होते.

म्हणून सहज विचारलं, "हे अकरा जण कोण?"

त्यांनी नावं घेतली. गटातल्या चार बाया, नणंद, वर्ध्याचा भाचा, दूधवाला, आणखी तिघं-चौघं.

"मुलीचं नाव नाही आलं."

"ते वणीले आहे सासरी."

"फोन नाही तिच्याकडे?"

"आहे नं."

"मग?"

त्या बराच वेळ गप्प. बाहेर बाजारात कुणी मिरचीचा भाव ओरडत होतं. मी बोलले नाही. माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम तेच, आणि ते मला आता जमतं.

"तिले कायले भेव घालू, मॅडम? पोटूशी आहे ते."

आणि स्वतःच्याच वाक्यावर त्या थबकल्या. आठ महिने त्या जिला संरक्षण म्हणत होत्या, ती गोष्ट सर्वांत लाडक्या माणसाला एकदाही दिली नव्हती. प्रसाद असता तर पहिला लेकीच्या हातावर पडला असता. आपण काय वाटतोय, हे त्यांच्या मनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या गटातल्या बायाइले मी भेवच वाटून रायली."

इथून पुढे काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली. गटाच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर आम्ही तीन रकाने आखले: तारीख, मेसेज पाठवला की ठेवला, आणि त्या दिवशी घरात बरंवाईट जे घडलं ते सगळं. पहिले दोन आठवडे नेहमीसारखे पाठवायचे आणि फक्त लिहायचं. ही पायरी लोक गाळतात आणि फसतात. पाठवत असतानाही संकटं येतात, हे आधी स्वतःच्या अक्षरात दिसायला हवं. त्यांच्या वहीत त्या दोन आठवड्यांत शेळी मेली होती, मोटार जळली होती आणि नवऱ्याला ताप येऊन गेला होता. सगळे मेसेज वेळेवर गेलेले.

मग एक मेसेज ठेवायचा. पुसायचाही नाही, कारण पुसणं म्हणजे पुन्हा पळणंच. तसाच फोनमध्ये राहू द्यायचा, सात दिवस. पहिल्या रात्री त्या दोन तास बसून होत्या. घाबरेपण वाढतं, टोकाला जातं आणि काहीही न करता उतरतं. तो उतार अंगानं एकदा अनुभवावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात प्रगती संशय यावा इतकी चांगली दिसली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मेसेज ठेवला की त्या अकरा वेळा नाव घेऊन देवाची माफी मागत होत्या. शिवाय नवऱ्याला रोज विचारायच्या, "काही होणार नाई नं?" ही मागच्या दारानं केलेली पाठवणीच. तीही थांबवली. नामस्मरण नाही थांबवलं; ते सकाळच्या पूजेत नेहमीच्या जागी गेलं, मेसेजपासून सुटं.

सगळ्यांचं वहीवर भागत नाही. मेसेजबरोबर हात धुणं, कड्या तपासणं, आकडे मोजणंही रोज तास-तासभर खात असेल, तर तो मंत्रचळेपणाचा आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. जिल्हा रुग्णालय लांब पडत असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

सुमनताई सहाव्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी आठ महिन्यांपूर्वी पाठवलेलाच मेसेज, तोच फोटो, तीच चुकलेली वेलांटी, नागपूरच्या चुलतभावाकडून फिरून त्यांच्याच फोनवर आला होता. दोन बाणांसकट. त्यांनी ठेवला होता. वही पुढे केली, त्या दिवसासमोर लिहिलं होतं: मेसेज ठेवला, गाय व्याली, गोऱ्हा झाला.

मी जरा खोडी काढली. "मग ताई, हा गोऱ्हा मेसेज ठेवल्यानं झाला म्हणायचं का?"

त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली. "थो गाईच्यानं झाला, मॅडम."