जर्मन बायरसोबत टॉवेल सप्लायचा करार, आर्बिट्रेशनचा क्लॉज कसा लिहू?

"सोलापुरात टेरी टॉवेलचं युनिट आहे, हॅम्बुर्गचा बायर मिळालाय. आर्बिट्रेशनचा क्लॉज आम्हीच लिहून पाठवा म्हणतोय. काय काय टाकू?"

आधी माझी फजिती सांगतो. अक्कलकोट रोडवर माझंही युनिट आहे, मागे एका बायरच्या करारात "वाद झाल्यास मुंबई किंवा हॅम्बुर्ग येथे आर्बिट्रेशन, दोन आर्बिट्रेटर" असं होतं आणि मी न वाचता सही ठोकली. पुढे रंगाच्या शेडवरनं भांडण झालं, तर बसायचं कुठं यातच सात महिने गेले. वर आपल्या १९९६ च्या कायद्यात आर्बिट्रेटरांची संख्या सम चालत नाही, ते वकिलांनी तेव्हा सांगितलं.

तर "किंवा" काढा आणि एकच शहर लिहा, तेही "सीट" हा शब्द वापरून. सुनावणी कुठंही, अगदी व्हिडिओवर घेता येते, पण अवॉर्ड, म्हणजे आर्बिट्रेटरचा निकाल, रद्द करा म्हणून कुठल्या कोर्टात जायचं ते सीटवर ठरतं. मुंबई मागा. पैसे त्याच्याकडनं यायचेत, म्हणजे अवॉर्ड जर्मनीत वसूल करायचा, आणि जर्मनी न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमधे आहे, त्यामुळे मुंबईचा अवॉर्ड तिकडे चालतो. तो अडला तर सिंगापूर द्या, दोघांनाही परकं.

माल तीस-चाळीस लाखांचा असेल तर आर्बिट्रेटर एकच ठेवा, तिघांची फी आपल्याला झेपत नाही.

खरी मेख नेमणुकीत आहे. नुसतं "दोघांच्या संमतीने" लिहिलं आणि समोरचा गप्प बसला की संपलं, कारण एक पार्टी परदेशी असली की सीट मुंबई असूनही नेमणुकीचा अर्ज हायकोर्टात नाही, थेट दिल्लीला सुप्रीम कोर्टात करावा लागतो. म्हणून पायऱ्या लिहा. "आम्हीच नेमणार" असलं एकतर्फी मात्र टाकू नका, ते कोर्टात टिकत नाही.

मी आता हे टाकतो, करारात अर्थात इंग्रजीत:

"या करारातून किंवा त्यासंबंधी उद्भवणारा, कराराचं अस्तित्व, वैधता वा समाप्ती याबाबतचाही, प्रत्येक वाद आर्बिट्रेशननेच अंतिमतः सोडवला जाईल. सीट मुंबई, भारत. आर्बिट्रेटर एक. भाषा इंग्रजी, इतर भाषेतल्या कागदाचं भाषांतर तो सादर करणाऱ्याने स्वखर्चाने द्यावं. नोटीस खालील ईमेलवर पोचल्यापासून ३० दिवसांत दोघांनी मिळून आर्बिट्रेटर ठरवावा, न ठरल्यास कोणत्याही एका पार्टीच्या विनंतीवरून मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन नेमेल."

भाषांतराचं वाक्य फालतू वाटेल, पण माझ्या वेळी त्यांच्या लॅबचा रंगाचा रिपोर्ट अख्खा जर्मनमधे आला होता आणि तो इंग्रजीत करून घ्यायचा खर्च माझ्याच गळ्यात पडला. संस्थेचं नाव पूर्ण आणि बरोबर लिहा, आणि तो ईमेल कंपनीचा टाका, त्यांच्या पर्चेस मॅनेजरचा नको, तो नोकरी सोडून गेला की नोटीस पोचली का नाही यावरच नवा वाद.

पाठवायच्या आधी वकिलाला एकदा दाखवा, लायसन्स किंवा कर्जाच्या कागदांत दुसरा आर्बिट्रेशन क्लॉज असेल तर तो याच्याशी भांडत नाही ना तेवढं बघायला सांगा.