मुलाचं मुलाला विचार

प्रिय मित्रा,

मुलांवर होणाऱ्या धार्मिक संस्कारांच्या तुझ्या अभ्यासाच्या मसुद्यात 'मुलाचा धर्म' हा रकाना पालकांच्या फॉर्मवरून भरलेला दिसला. आठ वर्षांच्या त्या मुलांना कुणी विचारलंच नाही. रकान्याचं नाव बदल: 'पालकांनी सांगितलेला घरचा धर्म'. मुलाचं मुलाला विचार.

घराचा परिणाम कुठे संपतो आणि शाळेचा कुठे सुरू होतो, हे सुटत नाही म्हणतोस. कॅथलीन कॉरिव्हो, एव्हा चेन आणि पॉल हॅरिस या संशोधकांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाची रचना बघ. पाच-सहा वर्षांच्या मुलांचे चार गट: चर्चला जाणारी आणि न जाणारी कुटुंबं, त्या दोन्हींत सरकारी आणि चर्चच्या शाळांतली मुलं. मुलांना साध्या, जादूच्या आणि देवाने चमत्कार केलेल्या गोष्टी सांगून प्रत्येक पात्र खरं की काल्पनिक, हे त्यांनाच विचारलं. देवाच्या गोष्टीतलं पात्र धार्मिक संस्कार नसलेल्या मुलांनी काल्पनिक ठरवलं. घरातून किंवा शाळेतून संस्कार मिळालेल्यांनी खरं मानलं. म्हणजे एकटी शाळाही पुरते. पण शाळा निवडतात पालकच, म्हणून हे दोन धागे पूर्ण सुटे होत नाहीत. तुझ्या लेखात हे स्पष्ट लिही. घर एका धर्माचं आणि शाळा दुसऱ्या धर्माच्या संस्थेची, अशी मुलं मोलाची. कॉन्व्हेंटमधली हिंदू-मुस्लिम मुलं आपल्याकडे सहज भेटतील, आणि तू त्यांना 'अपवाद' म्हणून वगळलंयस! तीच आधी परत घे.

'तुझा देवावर विश्वास आहे का?' असं विचारू नकोस. मूल मोठ्यांना आवडणारं उत्तर शोधतं. 'प्रार्थनेच्या वेळी तू काय करतोस? प्रार्थना म्हटली नाहीस तर काय होतं?' असं विचार. वर्गशिक्षिका खोलीत असतील तर उत्तरं एकसारखी येतील. साच्यातली वाक्यं ऐकू आली की पहिल्यांदा तेच तपास.

संमतीवर मी हटून बसतो असं तुला वाटतंय. बसणारच. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे, आणि पालकांची सही म्हणजे मुलाचा होकार नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि पुढे अठरापर्यंत लेखी होकार लागतो. तो एकदा घेऊन संपत नाही. मूल खिडकीबाहेर बघू लागलं, 'माहीत नाही' तीनदा म्हणालं, तर थांबून पुन्हा विचार. मधेच उठलं तर जाऊ दे. खाऊ किंवा स्टिकर तरीही द्यायचाच, नाहीतर तो होकार विकत घेतलेला ठरतो.

मुलाने काय सांगितलं, हे पालकांना कळवायचं नाही, हे संमतिपत्रातच लिही. 'मला आरती आवडत नाही' हे वाक्य घरी पोहोचलं तर त्याची झळ मुलालाच बसते. मुलाला इजा होत असल्याचं कळलं तरच ही गुप्तता मोडते, आणि हे मुलाला सुरुवातीलाच त्याच्या भाषेत सांगायचं.

तक्ता दुरुस्त करून सोमवारपर्यंत पाठव. वगळलेल्या मुलांची संख्या वेगळ्या ओळीत दे.