रक्त थांबलं, सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी दुर्बिणीची तपासणी का?

प्रश्न : माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. ३५ वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढतात. मागच्या महिन्यात दोन दिवस लघवी लालभडक झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि रक्त थांबलं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. बाबा म्हणतात, आता विषय संपला. अजून काही तपासायची खरंच गरज आहे का?

उत्तर :

हो, गरज आहे. येत्या एक-दोन आठवड्यांत त्यांना युरोलॉजिस्टकडे न्या. दोन तपासण्या राहिल्या आहेत : मूत्राशयात दुर्बिणीने पाहणं, म्हणजे सिस्टोस्कोपी, आणि मूत्रपिंडं व मूत्रवाहिन्यांसाठी सीटी युरोग्राफी. मी युरोसर्जन आहे, आणि तुम्ही लिहिलंय जवळपास त्याच शब्दांत हे मी अनेक घरांतून ऐकलं आहे.

गोळ्या घेतल्या आणि रक्त थांबलं, म्हणून गोळ्यांनी थांबलं असं सगळ्यांना वाटतं. मूत्राशयातली गाठ बहुतेक वेळा आतल्या अस्तरावरून पाण्यातल्या शेवाळासारखी झुपकेदार वाढते. प्रत्येक झुपक्यात नाजूक रक्तवाहिनी असते. मूत्राशय भरताना-रिकामं होताना एखादी फुटते, लघवी लाल होते, मग तिथे रक्त गोठतं आणि एक-दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते. पुढचं रक्त आठवड्यानेही येईल, सहा-आठ महिन्यांनीही. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. त्यामुळे औषध दिलं असतं किंवा नसतं, रक्त बहुधा थांबलंच असतं. ते थांबलं यावरून कारणाबद्दल काहीच कळत नाही.

गोळ्या देण्यापूर्वी लघवीचं कल्चर केलं होतं का, हे विचारा. त्यात जंतू वाढलेच नसतील, तर इन्फेक्शनचं निदान निव्वळ अंदाजाचं होतं. आणि वाढले असतील, तरी या वयाच्या, इतकी वर्षं सिगारेट ओढणाऱ्या पुरुषात मी तेवढ्यावर थांबत नाही, कारण गाठ असलेल्या मूत्राशयात इन्फेक्शन सहज होतं. न दुखणं ही बाबांना जमेची बाजू वाटत असेल. माझ्या दृष्टीने मात्र तीच गोष्ट शंका वाढवते. मुतखडा बहुधा कळा आणतो, इन्फेक्शन जळजळ आणि वारंवार लघवी आणतं. काहीही न दुखता भरपूर रक्त येतं तेव्हा गाठीचा विचार आधी करावा लागतो. अशा तक्रारीने तपासणीला येणाऱ्या, वय झालेल्या माणसांत साधारण दहापैकी एक ते दोन जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघतो. म्हणजे बहुतेकांना तो नसतो. वाढलेली प्रोस्टेट किंवा न दुखणारा खडा निघतो, कधी कारणच सापडत नाही. पण बाबा या दोहोंपैकी कोणत्या गटात आहेत, हे आत पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

सिगारेटचा संबंध फुप्फुसाशी लगेच लक्षात येतो, लघवीच्या पिशवीशी का, असं लोक विचारतात. धुरातली काही रसायनं रक्तात जातात, यकृतात त्यांचं रूप बदलतं, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात. ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते आणि अस्तर त्यात भिजत राहतं. लुडविग रेन या जर्मन सर्जननी १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसतात असं मांडलं. त्यामागची अ‍ॅरोमॅटिक अमाइन गटातली रसायनं पुढे ओळखली गेली, आणि त्यांतली काही तंबाखूच्या धुरातही आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या घटनांमागे धूम्रपान असतं. रोज एक पाकीट आणि ३५ वर्षं, याला आम्ही ३५ पॅक-इयर म्हणतो. ३० च्या वर गेलेला माणूस जास्त धोक्याच्या गटात धरतात. अर्थात डोळ्यांनी दिसेल इतकं रक्त आलं, एवढं एकच कारणही त्या गटात टाकायला पुरेसं आहे.

आता सोनोग्राफीबद्दल, कारण घोटाळा सगळ्यात जास्त इथेच होतो. मूत्रपिंडातली मोठी गाठ, सूज, खडा हे सोनोग्राफीत चांगलं दिसतं. मूत्राशय पूर्ण भरलेलं असेल तर तिथली मोठी गाठही दिसते. पण काही मिलिमीटरची गाठ सुटते, मूत्राशयाच्या मानेजवळची सुटते, आणि कर्करोगाचा एक प्रकार तर अस्तरात सपाट पसरतो. त्याला उंचवटाच नसल्यामुळे तो दिसत नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणारी मूत्रवाहिनीही तिच्यात जवळजवळ दिसत नाही. बाबांचा रिपोर्ट पुन्हा वाचा. मूत्राशय ‘अपुरं भरलेलं’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल, तर मूत्राशयाबद्दल त्या रिपोर्टवर अजिबात विसंबू नका.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण देतो. साठीच्या आतले, सिगारेट जवळपास तेवढीच. एकदा रक्त आलं, गोळ्या झाल्या, सोनोग्राफी नॉर्मल, घरचे निश्चिंत. सात महिन्यांनी पुन्हा रक्त आलं, या वेळी गुठळ्यांसह, तेव्हा ते आले. दुर्बिणीत डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाशेजारी दीड-दोन सेंटिमीटरची गाठ होती. भूल देऊन मूत्रमार्गातूनच ती खरवडून काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये गाठ आक्रमक जातीची आणि अस्तराखालच्या थरात शिरलेली आली, पण पाठवलेल्या तुकड्यांत स्नायूचा थर नव्हता. ही उणीव फार महत्त्वाची असते. गाठ स्नायूत शिरली आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं आणि तुकड्यात स्नायूच नसेल तर ‘शिरलेली नाही’ असं म्हणता येत नाही. म्हणून काही आठवड्यांत त्याच जागेचं पुन्हा खोलवर खरवडून घेतलं. स्नायू स्वच्छ निघाला. मग आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मूत्राशयात बीसीजी सोडलं. टीबीची लस ज्यापासून बनते तोच जंतू मूत्राशयातली प्रतिकारशक्ती जागी करतो. त्यांचं मूत्राशय वाचलं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी दुर्बीण सुरू झाली, कारण या गाठी परत येण्यात पटाईत असतात. स्नायूत शिरली असती तर केमोथेरपी आणि मूत्राशय काढणं, किंवा काही निवडक रुग्णांत ते ठेवून केमो आणि रेडिएशन, असा मोठा रस्ता होता. नव्याने सापडणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्नायूत शिरण्याआधी सापडतात. तुमच्या बाबांच्या बाबतीत उशीर नको म्हणतो तो यासाठी.

सिस्टोस्कोपीला बहुतेक पुरुष घाबरतात, म्हणून तिचं खरं स्वरूप सांगतो. निदानासाठी लवचीक, पेन्सिलीहून बारीक नळी वापरतात. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून काही मिनिटं थांबतात. प्रोस्टेटजवळून नळी जाताना काही क्षण दडपल्यासारखं वाटतं, मग पाण्याने मूत्राशय फुगल्यावर लघवीची घाई होते. पाहणं पाच-दहा मिनिटांत उरकतं आणि माणूस चालत घरी जातो. एक-दोन दिवस थोडी जळजळ आणि फिकट गुलाबी लघवी चालते. ताप आला तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवायचं. पुन्हा रक्त सुरू झालं तर ते थांबण्याची वाट पाहू नका. रक्त चालू असताना पाहिलं, तर कधी कधी एका मूत्रवाहिनीच्या तोंडातून लाल धार येताना दिसते आणि रक्त वरून, कोणत्या बाजूने येतंय हे कळतं.

वरच्या भागाची तपासणी वेगळी का, तर मूत्राशयाला जे अस्तर आहे तेच मूत्रवाहिन्यांना आणि मूत्रपिंडातल्या लघवी गोळा होणाऱ्या पोकळीला आहे. धुरातली तीच रसायनं तिथूनही जातात, फक्त थांबत नाहीत, म्हणून तिथल्या गाठी कमी. शिवाय मूत्रपिंडाच्या मांसल भागातला कर्करोगही धूम्रपानाने वाढतो. कुशीत दुखणं, हाताला गोळा लागणं आणि रक्त ही तिन्ही लक्षणं एकत्र येण्याची वाट पाहिली तर बहुधा उशीर झालेला असतो. सीटी युरोग्राफीत आधी औषधाविना चित्र घेतात, त्यात खडे दिसतात. मग शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर मूत्रपिंडातली गाठ उठून दिसते. काही मिनिटांनी तेच औषध लघवीतून उतरताना पुन्हा चित्र घेतात, तेव्हा मूत्रवाहिनीच्या आतली गाठ रिकाम्या जागेसारखी दिसते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. सीटी स्वच्छ आली म्हणून दुर्बीण टाळायची नाही. सपाट गाठ सीटीलाही दिसत नाही.

लघवीची पेशी तपासणी, म्हणजे सायटोलॉजी, सोबत करतात. ती आक्रमक पेशी चांगल्या पकडते, पण सौम्य जातीच्या गाठीत अनेकदा नॉर्मल येते. त्यामुळे एकट्या सायटोलॉजीवर निर्णय होत नाही.

लघवी कोलासारखी तपकिरी असेल, फेस येत असेल, पायांवर सूज किंवा रक्तदाब वाढलेला असेल, लघवीत प्रथिनं बरीच असतील, तर मूत्रपिंडाच्या गाळणीचा आजार असू शकतो आणि नेफ्रॉलॉजिस्टचीही गरज लागते. बाबांच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ‘त्यामुळेच आलं असेल’ असं धरू नका. त्या गोळीमुळे आधीपासून असलेली जखम जास्त वाहते, म्हणून तपासणी तशीच करायची. पण गोळी स्वतःहून बंदही करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

जाताना सोनोग्राफीचा आणि लघवीचा रिपोर्ट, दिलेल्या गोळ्यांची नावं आणि पुन्हा रक्त दिसलं तर त्या लघवीचा मोबाइलवर काढलेला फोटो न्या. रक्त सुरुवातीलाच होतं, शेवटी होतं की पूर्ण धारेत, हे बाबांना विचारून ठेवा. पूर्ण धारेत असेल तर ते बहुधा मूत्राशयातून किंवा त्याच्याही वरून आलेलं असतं.

भेटीची तारीख येईपर्यंत मोठ्या गुठळ्या पडल्या, लघवी अडली, ओटीपोट फुगून दुखू लागलं, चक्कर आली किंवा ताप-थंडी भरली, तर तारखेची वाट न पाहता त्याच वेळी इमर्जन्सीला न्या, मग रात्र का असेना. गुठळ्यांनी मार्ग बंद झाला असेल तर जाड नळी घालून मूत्राशय धुवावं लागतं आणि ते घरी होण्यासारखं नाही.