गेटवेने पैसे अडवलेत? तक्ता त्यांच्या आकड्याशी जुळवा, मगच पत्र लिहा

प्रश्न : "नमस्कार. माझा घरगुती मसाल्यांचा ऑनलाइन व्यवसाय आहे. १८ दिवस झाले, पेमेंट गेटवेने सेटलमेंट थांबवलंय. डॅशबोर्डवर 'on hold' दिसतं. सपोर्टवाले म्हणतात, रेकॉर्ड पाठवा. मी सगळी बिलं पाठवली, तरी काही हलत नाही. पत्र कसं लिहू?"

दादा, "सगळी बिलं पाठवली" हे वाचून मला २०२३ ची दिवाळी आठवली. मी इचलकरंजीहून खणाचे कुर्ते आणि पिशव्या विकते. दिवाळीच्या आधी ऑर्डरी एकदम चौपट झाल्या आणि ३ नोव्हेंबरला सेटलमेंट थांबलं. केवायसी, वेबसाइटवरचं परतावा धोरण, बँक खात्यावरचं नाव हे तुम्ही तपासलंच असेल, त्यात जात नाही.

पत्राआधी एक गोष्ट मात्र लेखी विचारून घ्या : पैसे कंपनीच्या रिस्क विभागाने थांबवलेत की पोलिसांच्या नोटिशीमुळे? एखाद्या ग्राहकाने सायबर फसवणुकीच्या पैशातून खरेदी केली असेल, तर पोलिसांकडून तेवढी रक्कम गोठवण्याची सूचना येते. मग गेटवेला कितीही पत्रं लिहिली तरी उपयोग नाही. नोटिशीचा क्रमांक आणि पोलीस ठाणं मागून घ्या आणि मालाचं बिल, पोहोच घेऊन तिकडे जा. खालचं सगळं रिस्क होल्डसाठी आहे.

आता माझी चूक, जिने माझे २६ दिवस खाल्ले. मी माझ्या वहीवरून तक्ता केला. ऑर्डरच्या तारखेप्रमाणे, माझे ऑर्डर क्रमांक, शेवटी बेरीज २,४१,७५० रुपये. सोबत झिप फाइलमध्ये दोनशे स्क्रीनशॉट. त्यांच्याकडे अडकलेली रक्कम होती १,८३,०५९ रुपये ३६ पैसे. समोरच्या माणसाने दोन आकडे पाहिले, "रेकॉर्ड जुळत नाही" असा शेरा मारला आणि फाइल खाली गेली. मी चिडून नवीन तिकीट काढलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सुरुवात.

फरक कशाचा होता ते एका रात्री बसून काढलं. माझ्या बेरजेत ४९,३५० रुपयांच्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी होत्या. त्या पैशांचा गेटवेशी संबंधच नाही, ते कुरियरकडून येतात! त्या काढल्यावर उरले १,९२,४०० रुपये, ९६ पेमेंट. त्यातून तीन रिफंडचे ४,८०० वजा. त्यांचं २ टक्के शुल्क ३,८४८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६९२ रुपये ६४ पैसे वजा. आले बरोबर १,८३,०५९.३६. पैशापर्यंत जुळलं तेव्हा मला रडू आलं.

म्हणून तक्ता त्यांच्या सेटलमेंट रिपोर्टवरून सुरू करा, आपल्या वहीवरून नाही. पहिला रकाना त्यांचा पेमेंट आयडी, त्याच ओळीत तुमचा ऑर्डर क्रमांक, बिल क्रमांक, रक्कम, कुरियरचा एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक आणि पोहोचल्याची तारीख. माझी एक ओळ अशी होती (आकडे बदललेत) :

```
pay_Xx12ab | ORD-1047 | INV-1047 | 2100.00 | AWB 70012345 | Delivered 01-11-2023
```

ग्राहकाचा पूर्ण पत्ता आणि फोन टाकू नका, पिनकोड आणि शेवटचे चार आकडे पुरतात. स्क्रीनशॉट तर नकोतच. फार तर मोठ्या रकमेच्या पाच ऑर्डरींची बिलं आणि पोहोच जोडा आणि "बाकीची मागाल तेव्हा देतो" असं लिहा.

पोहोचीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत असं होतं की माल पोहोचवणं विक्रेत्याकडे असेल, तर माल पोहोचल्याचं विक्रेत्याने कळवल्याच्या फार तर दुसऱ्या दिवशी पैसे द्यायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश आलेत, त्यामुळे कलम क्रमांक लिहायचा असेल तर ताजा मजकूर आणि तुमचा करार दोन्ही वाचूनच लिहा. करारात काही रक्कम गेटवेने राखून ठेवण्याचं कलम असू शकतं. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

या पोहोचीसाठी आमच्या भागातल्या एका कुरियर कार्यालयात मी चार वेळा गेले. "ऑनलाइन दिसतं ना, मग कागद कशाला?" एवढंच उत्तर. आणि जुन्या पार्सलांचं ट्रॅकिंग तोवर दिसेनासं झालं होतं. शेवटी त्यांच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करून एडब्ल्यूबीची यादी दिली, तेव्हा एका शीटमध्ये सगळं आलं. तुम्ही आजच ट्रॅकिंगची पानं पीडीएफ करून ठेवा.

पत्र मी इंग्रजीत पाठवलं, एका पानाचं. मजकूर साधारण असा :

"विषय : मर्चंट आयडी अमुक, १,८३,०५९.३६ रुपयांचं थांबवलेलं सेटलमेंट मोकळं करणेबाबत. आपल्या रिपोर्टमधील ९६ पेमेंटचा ताळेबंद सोबत आहे, बेरीज आपल्या रकमेशी जुळते. पैकी ३ रिफंड झाली. ८१ ऑर्डरी पोहोचल्या, ढोबळ रक्कम १,६१,३००. ९ वाटेत आहेत, १८,९००. ३ पाठवायच्या आहेत, ७,४००. विक्री वाढण्याचं कारण दिवाळी, मागील वर्षाचे याच महिन्यांचे आकडे जोडले आहेत. विनंती : पोहोचलेल्या ८१ ऑर्डरींचे पैसे शुल्क वजा करून आता सोडावेत, उरलेले पोहोच मिळेल तसे. एखाद्या पेमेंटवर शंका असल्यास त्याचा आयडी कळवावा आणि तेवढीच रक्कम थांबवावी. नकार असल्यास कराराचं कलम आणि होल्ड संपण्याची तारीख लेखी द्यावी."

"सगळे पैसे ताबडतोब द्या" असं लिहू नका, असं माझं ठाम मत आहे. रिस्कवाल्याला भीती असते ती चार्जबॅकची : उद्या माल मिळाला नाही म्हणून ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली, तर पैसे कोणाकडून वसूल करायचे? पोहोचलेल्या मालाबद्दल ती भीती कमी असते, म्हणून तेवढे सोडायला त्याला सोपं जातं.

पत्र पहिल्याच तिकिटावर उत्तर म्हणून टाका आणि प्रत कंपनीत तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला, त्यांचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. मी १ डिसेंबरला पाठवलं, ८ तारखेला ८१ ऑर्डरींचे पैसे खात्यात आले, यूटीआर क्रमांकासह. वाटेतल्या नऊचे आणखी बारा दिवसांनी. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ माझ्यावर आली नाही. जायचं झालं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि ३० दिवस थांबणं लागतं, म्हणून त्या पत्राची तारीख जपून ठेवा.

आणि घाबरून सगळ्या ग्राहकांना रिफंड करत सुटू नका. माझ्या करारात रिफंड केला तरी शुल्क परत मिळत नव्हतं, शिवाय एकदम वाढलेले रिफंड रिस्कवाल्यांना आणखी खटकतात. घरच्या दुसऱ्याच्या पॅनवर नवीन खातं उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. माझ्या ओळखीच्या एका ताईंची त्यामुळे दोन्ही खाती बंद झाली.

तुमच्या डॅशबोर्डवरची रक्कम आणि तुमची बेरीज यात फरक किती येतोय ते इथे लिहा, नेमका कुठला आकडा हलतोय ते बघते.