कर्णबधिर व्यक्तीला भेटल्यावर अभिवादन कसं करावं?

प्रश्न: ऑफिसात नवीन सहकारी आले आहेत, त्यांना ऐकू येत नाही. समोरासमोर नमस्कार-चमत्कार कसा करायचा? सोपी खूण कोणती?

उत्तर: हात हलवा. हॅलोची ही खूण जवळपास सगळीकडे समजते. अमेरिकन सांकेतिक भाषेत सरळ पंजा कपाळाजवळून बाहेर नेतात, सॅल्यूटसारखा. पण देशोदेशी सांकेतिक भाषा बदलते, तेव्हा त्यांची खूण त्यांनाच विचारा.

खरी अडचण खुणेआधी येते, ती म्हणजे लक्ष वेधण्याची. समजा, ते पाठमोरे बसून काम करताहेत. मागून हाक मारून उपयोग नाही. बाजूने त्यांच्या नजरेच्या टप्प्यात या आणि हात हलवा, पण अगदी तोंडासमोर नको. तरी दिसलं नाही तर खांद्यावर किंवा दंडावर हलकेच एकदा-दोनदा थोपटा. कर्णबधिरांमध्ये हे अगदी रीतसर मानतात. पाठीत धक्का किंवा डोक्याला स्पर्श मात्र नको.

त्यांनी पाहिलं की मगच खूण करा, हसा, नाव सांगा. ओरडलात किंवा शब्द ताणलेत की ओठांचा आकार बिघडतो आणि वाचता येत नाही. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर चेहरा अंधारात जातो. दुभाषी असेल तर नजर सहकाऱ्यांकडेच ठेवा. दुभाष्याकडे बघून 'यांना सांगा' म्हणणं त्यांना खटकतं.