पोराचं प्रोफाइल अन् बापाचा पिन

प्रश्न: मुलासाठी (वय ९) अँड्रॉइड टॅबलेट घेतला आहे. त्याचं वेगळं प्रोफाइल करून, काहीही विकत घेताना आमची परवानगी लागेल आणि नको ते दिसणार नाही, असं कसं सेट करायचं?

उत्तर: आधी हे बघा की टॅबलेट चालू कोणाच्या अकाउंटवर आहे. प्ले स्टोअर उघडा अन् वर उजव्या कोपऱ्यात कोणाचा फोटो आहे ते पहा. तिथं तुमचा असेल तर बाकी कितीही सेटिंग करा, गुगलच्या हिशोबानं तो टॅबलेट तुम्हीच वापरून राहिले.

हे मी रागानं लिहून राहिलो कारण आमच्या घरी यावरून भांडण झालंय. माझं दारव्हा तालुक्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, बहीण दिग्रसकडं दिली आहे. भाऊजींनी भाच्याला अभ्यासासाठी टॅब घेतला, आपलंच जीमेल टाकलं अन् दिला पोट्ट्याच्या हातात. मग ऐन फवारणीच्या दिवसांत खात्यात पैसे कमी दिसले तर घरात बोंबाबोंब, "पोट्टं चोर निघालं" म्हणून. मी गेलो, प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions उघडून Budget & history दाखवली, तर सगळी यादी तिथंच होती, कधी ८० रुपये, कधी २४०, सगळे एका गेममधले हिरे. बँकेचे मेसेज पण आले होते, पण भाऊजी मेसेज उघडतच नाहीत. गुगलकडं रिफंड मागायला साधारण ४८ तास असतात, ते कधीच निघून गेले होते.

आता यूपीआयच्या पिनशिवाय पैसे गेले कसे, तर पिन पोराला पाठ होता. भाऊजींना जवळचं दिसत नाही, चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून रिचार्ज असो, लाईटबिल असो की कृषी केंद्राचं पेमेंट, "ये रे, मार पिन" म्हणून पोरालाच बसवायचे. वर्षभर बापानंच शिकवलं अन् मग चोर म्हणायचं. मी हे तोंडावर बोललो तर "तुले काय समजते, मोबाईलच हिसकून घेतो म्हंजे झालं" म्हणे. चार दिवस टॅब कपाटात ठेवला, शाळेच्या ग्रुपवर अभ्यास आला की परत बाहेर.

मग मी जे केलं ते सांगतो. पोराचं नवीन गुगल अकाउंट काढलं ते बहिणीच्या फोनवर फॅमिली लिंक या पोरांवर देखरेख ठेवायच्या गुगलच्या ॲपमधून, आणि जन्मतारीख खरी टाकली. हे मुद्दाम सांगतो कारण दुकानात लय लोक येतात ज्यांनी लहान वयात अकाउंट लवकर होत नाही म्हणून १९९० साल ठोकून दिलेलं असतं. ते मग मोठ्या माणसाचं अकाउंट होतं, त्याच्यावर पालकाची देखरेख बसत नाही, सगळं नव्यानं करावं लागतं.

टॅबमध्ये सेटिंगला System मध्ये Multiple users असतं (कंपनीनुसार नाव-जागा थोडी बदलते, Users असं शोधा), तिथून नवा युजर टाकला अन् त्यात फक्त पोराचं अकाउंट. इथं लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे मालकाच्या प्रोफाइलला स्क्रीन लॉकचा पिन. तो नसेल तर पोरगं वरून पट्टी ओढतं, गोल फोटोवर दाबतं अन् बापाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतं, मग तुमचं कुंपण फाटक उघडं ठेवून घातल्यासारखं होतं. त्याच पानावर गेस्ट बंद करा आणि लॉक स्क्रीनवरून युजर जोडायची परवानगी पण बंद करा.

खरेदीचं असं आहे. फॅमिली लिंकमध्ये पोराचं नाव, मग Controls, मग Google Play, तिथं Purchases & download approvals. त्यात All content निवडा. Only paid content ठेवलं तर फुकटचे गेम न विचारता उतरतात, अन् त्या फुकटच्या गेममध्येच हिरे-नाणी विकायला बसलेले असतात. नीट लागलं की नाही ते तपासायला पोराच्या प्रोफाइलमधून एखादं फुकटचं ॲप घेऊन बघा. पालकाला विचारा असं पान आलं तर बरोबर, सरळ उतरायला लागलं तर अकाउंट चुकलंय. फक्त आधी एकदा मंजूर केलेलं ॲप परत घेताना विचारत नाही, अपडेटलाही विचारत नाही, म्हणून नवीन ॲपवरच तपासा.

परवानगी द्यायचे रस्ते दोन. एक, तुमच्या फोनवर विनंती येते. दुसरा, पोराच्याच टॅबवर तुम्ही आपला गुगलचा पासवर्ड टाकता. दुसरा वापरू नका, पोट्टे बोटं पाहून पासवर्ड पाठ करतात, पिनचं झालं तेच परत होईल. आमच्याकडं पावसात नेट गेलं की विनंती येत नाही, पण म्हणून पासवर्ड टाकायचा नाही, नेट आल्यावर गेम उतरेल, कोणाचं काही अडत नाही. फॅमिली लिंकमध्ये लावलेला वेळ संपून टॅब लॉक झाला अन् नेट नसताना उघडायचाच असेल तर फॅमिली लिंकमध्ये पालकाचा कोड असतो, तो ऑफलाइन चालतो आणि बदलत राहतो, त्यामुळं पाठ करून उपयोग नाही.

नको ते दिसणं यावर थोडक्यात. प्ले स्टोअरला वयाचं रेटिंग ७+ लावा, पण त्यानं फक्त नवीन ॲप अडतात, आधीच टाकलेले तसेच राहतात, ते हातानं काढा. यूट्यूबला ते रेटिंग लागू नाही, त्याचं सेटिंग फॅमिली लिंकमध्ये वेगळं आहे, ९ वर्षांच्या पोराला यूट्यूब किड्सच द्या. क्रोमला फक्त मंजूर केलेल्या साइट असं ठेवा.

हे क्रोमचं मी आग्रहानं सांगतो. ही परवानगी फक्त प्ले स्टोअरच्या बिलिंगमधून जाणाऱ्या पैशाला लागते. आमच्या भाच्याला ते दोन आठवड्यांत समजलं. गेमचे हिरे विकणाऱ्या बाहेरच्या साइट असतात, टॅबवर क्यूआर दिसतो, बापाचा फोन घेतला, स्कॅन केला, पिन मारला. बहिणीच्या फोनवर काहीच विनंती आली नाही कारण यायचीच नव्हती. भाऊजींचा लगेच फोन, "पाय, तुह्या सेटिंगनं काय झालं?" मी म्हटलं, भाऊजी, सेटिंग टॅबला आहे, पिन तुम्ही वाटून राहिले. क्रोमवर मंजूर साइट केल्या ते त्यानंतर. पिन बदलायला मात्र ते अजूनही तयार नाहीत, नवीन पाठ होत नाही म्हणे.

तर तुमचा यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर आजच बदला, टॅबचं नंतर करा. अन् पोरानं मागितलं तर वाणसामानाच्या पैशातून महिन्याला काही ठरवून द्या, असं माझं मत आहे, भाऊजींना पटत नाही.

हे सगळं साध्या अँड्रॉइड टॅबचं झालं. काही टॅबमध्ये कंपनी मल्टिपल युजर देतच नाही, तिथं अख्खा टॅब पोराच्या अकाउंटवर करा अन् तुमचं काढून टाका. आयपॅड असेल तर तिथं ॲपलची वेगळी पद्धत आहे, त्याला Ask to Buy म्हणतात, पण आयपॅड माझ्या दुकानात कोणी आणत नाही.